उलट्या वक्राने नेमके काय सांगितले होते?

3 जुलै 2023 रोजी अमेरिकी सरकारच्या दोन वर्षांच्या रोख्यावर सुमारे 4.94 टक्के यील्ड मिळत होते आणि दहा वर्षांच्या रोख्यावर सुमारे 3.86 टक्के. दोन वर्षांसाठी पैसे गुंतवणाऱ्याला दहा वर्षांसाठी गुंतवणाऱ्यापेक्षा एक टक्क्याहून जास्त मिळत होते. यील्ड कर्व्ह इतका उलटा होण्याची वेळ 1980च्या दशकाच्या सुरुवातीनंतर आलीच नव्हती. हा वक्र उलटला की वर्ष-दीड वर्षात अमेरिकेत मंदी येते, हे विधान तेव्हा अर्थविषयक पानांवर जवळजवळ नियमासारखे छापले जात होते. मंदी मात्र आली नाही. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी अमेरिकी अर्थव्यवस्था अडीच ते तीन टक्क्यांच्या दरम्यान वाढली आणि बेरोजगारीचा दर साडेचार टक्क्यांच्या आतच राहिला. मग काहींनी हे साधन मोडीत निघाल्याचे जाहीर केले, तर काहींना मंदी फक्त लांबल्यासारखी वाटली. या दोन्ही निष्कर्षांच्या मुळाशी मला एकच चूक दिसते. वक्र मंदीबद्दल बोलतो असे दोघेही गृहीत धरतात. वक्र बोलतो तो पुढच्या व्याजदरांबद्दल. व्याजदर उतरण्याचे मंदी हे एक कारण आहे, एकमेव नाही. 2022 ते 2024 या काळात बाजाराने व्याजदर उतरतील असे सांगितले, ते खरे ठरले, आणि त्यामागचे कारण मात्र दुसरेच निघाले.

आधी आकृती समजून घेऊ. एकाच सरकारचे, म्हणजे बुडण्याचा धोका सारखाच असलेले, वेगवेगळ्या मुदतींचे रोखे घ्यायचे. आडव्या रेषेवर मुदत मांडायची: तीन महिने, एक वर्ष, दोन, पाच, दहा, तीस. उभ्या रेषेवर त्या त्या रोख्याचे त्या दिवसाचे यील्ड मांडायचे आणि बिंदू जोडायचे. रोख्यावरचे व्याज ठरलेले असते, पण रोखा बाजारात रोज विकला जातो. त्याची किंमत चढली की यील्ड उतरते आणि किंमत उतरली की यील्ड चढते. साधारण काळात हा वक्र डावीकडून उजवीकडे चढत जातो, कारण लांब मुदतीत महागाईची आणि किमतीच्या चढउताराची जोखीम जास्त असते आणि तिचा मोबदला लागतो. कधी तो जवळजवळ सपाट होतो, कधी मधल्या मुदतींवर कुबड येते, आणि कधी डावे टोक उजव्याच्या वर जाते. या शेवटच्या आकाराला उलटा वक्र म्हणतात. बातम्यांत पूर्ण वक्र क्वचितच दिसतो. तिथे दोन बिंदूंमधला फरक सांगितला जातो, बहुतेक वेळा दहा वर्षे वजा दोन वर्षे किंवा दहा वर्षे वजा तीन महिने. हे दोन फरक एकाच दिवशी उलटत नाहीत. 2022 मध्ये पहिला जुलैपासून सलग उणे राहिला, दुसरा ऑक्टोबरच्या अखेरीस उणे झाला. कोणी ‘वक्र उलटला’ म्हणाले तर कोणते दोन बिंदू, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

सर्वात पसरलेला गैरसमज असा की गुंतवणूकदार घाबरतात, लांब मुदतीच्या सुरक्षित रोख्यांकडे धाव घेतात, त्यामुळे लांब मुदतीचे यील्ड कोसळते आणि वक्र उलटतो. असे कधी कधी घडते. ऑगस्ट 2019 मध्ये बऱ्याच अंशी असेच घडले. पण 2022चा वक्र असा उलटला नाही. 2021च्या अखेरीस दहा वर्षांचे यील्ड सुमारे दीड टक्का होते आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ते चार टक्क्यांच्या वर पोहोचले. म्हणजे लांब टोक खाली आले नाही, तेही चढले. वक्र उलटला तो छोटे टोक त्याहून वेगाने चढले म्हणून. जून 2022 मध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर होती. फेडरल रिझर्व्हने मार्च 2022 मध्ये शून्याजवळ असलेला धोरण दर जुलै 2023 पर्यंत 5.25 ते 5.50 टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. तीन महिन्यांचे बिल या दराला जवळजवळ चिकटून चालते. त्यामुळे वक्राचे डावे टोक मध्यवर्ती बँकेच्या हातात असते. उजव्या टोकावर बाजार आपले मत मांडतो.

ते मत वाचायचे कसे, हे छोट्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा एक वर्षाचे यील्ड 5 टक्के आहे आणि दोन वर्षांचे 4.5 टक्के. शंभर रुपये एक वर्षासाठी लावले तर 105 होतात. दोन वर्षांसाठी लावले तर 4.5 टक्क्यांनी चक्रवाढ होऊन साधारण 109.20. कमी यील्डचा रोखा लोक मुळात का घेतात? कारण एक वर्षाने हातात आलेले 105 रुपये पुन्हा गुंतवायचे आहेत आणि तेव्हा काय दर मिळेल हे कोणालाच माहीत नाही. 109.20 ला 105 ने भागले की 1.04 मिळतात. म्हणजे दुसऱ्या वर्षी 4 टक्के मिळाले तर दोन्ही मार्ग सारखेच पडतात. बाजारात दोन्ही रोख्यांना गिऱ्हाईक आहे, याचा अर्थ एक वर्षाचा दर वर्षभरात 5 वरून 4 च्या आसपास येईल अशी बाजाराची सरासरी अपेक्षा आहे. मुदतीच्या जोखमीपोटीचा मोबदला इथे तूर्त बाजूला ठेवला आहे. या हिशेबात मंदी कुठेही येत नाही. फक्त ‘दर उतरतील’ एवढेच त्यात आहे. दर का उतरतील, हे आकडा सांगत नाही. ते वाचणाऱ्याने बाहेरून आणायचे असते.

आणि इथेच इतिहासाने आपली फसगत केली. फेडरल रिझर्व्ह दर मोठ्या प्रमाणात उतरवते ते साधारणतः दोन प्रसंगी. अर्थव्यवस्था कोसळू लागते तेव्हा, किंवा महागाई आटोक्यात आल्याने चढवलेल्या दराची गरज संपते तेव्हा. 1970च्या दशकात आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला महागाई मंदीशिवाय उतरली नाही, त्यामुळे ही दोन कारणे वेगळी करून पाहण्याची वेळ फारशी आली नाही. 2022 नंतर ती वेगळी झाली. जून 2022 मधली 9.1 टक्क्यांची महागाई वर्षभरात 3 टक्क्यांवर आली. तेवढ्यात जानेवारी 2023 मध्ये बेरोजगारीचा दर 3.4 टक्के, म्हणजे 1969 नंतरचा नीचांक, नोंदला गेला. महागाईच्या उकळीचा मोठा भाग महासाथीत तुटलेल्या पुरवठा साखळ्यांमधून आणि युक्रेन युद्धानंतरच्या इंधन-धान्याच्या किमतींमधून आला होता, आणि ती कारणे नोकऱ्या न घालवताही विरू शकत होती. सव्वापाच टक्क्यांचा धोरण दर कायमचा नाही, तो पुढे तीन-चार टक्क्यांकडे येईल, असे म्हणायला मंदी गृहीत धरण्याची काही गरज नव्हती. दहा वर्षांचे 3.86 टक्के यील्ड हेच म्हणत होते.

याला दुसरी जोड आहे ती टर्म प्रीमियमची, म्हणजे वर बाजूला ठेवलेल्या मुदतीच्या मोबदल्याची. लांब मुदतीच्या यील्डचे दोन भाग असतात. पुढच्या छोट्या दरांची अपेक्षित सरासरी हा पहिला, आणि इतका काळ पैसे अडकवण्याच्या जोखमीसाठी मागितलेली जादा रक्कम हा दुसरा. हा दुसरा भाग थेट दिसत नाही, त्याचा अंदाज गणिती प्रतिमानांनी बांधावा लागतो. पण न्यूयॉर्क फेडच्या प्रसिद्ध अंदाजानुसार तो 2010च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बराच काळ शून्याच्याही खाली होता. फेडने संकटाच्या काळात प्रचंड प्रमाणात सरकारी रोखे विकत घेतले होते, आणि पेन्शन फंड व परदेशी मध्यवर्ती बँका लांब मुदतीचे रोखे भावाचा फारसा विचार न करता घेत होत्या. पूर्वी हा मोबदला दीड-दोन टक्के असे तेव्हा वक्र उलटण्यासाठी बाजाराला दर खूपच खाली जातील असे वाटावे लागे. मोबदलाच शून्य झाला की थोड्याशा घसरणीची अपेक्षाही वक्र उलटवायला पुरते. उंबरठाच खाली आला, मग तो ओलांडल्याची बातमी पूर्वीइतकी जड राहत नाही.

यावर येणारा आक्षेप दमदार आहे आणि तो टाळता येणार नाही. कँपबेल हार्वी यांनी 1986 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात लांब व छोट्या मुदतीच्या यील्डमधल्या फरकाचा आणि अर्थव्यवस्थेच्या वाढीचा संबंध दाखवला. 1990च्या दशकात आर्तुरो एस्त्रेया आणि फ्रेडरिक मिश्किन यांनी न्यूयॉर्क फेडसाठी त्यातून मंदीची शक्यता काढण्याची रीत बसवली, आणि ती बँक आजही दर महिन्याला हा आकडा प्रसिद्ध करते. 1969 पासून अमेरिकेत आठ मंद्या आल्या आणि प्रत्येकीच्या आधी वक्र उलटला होता. इतका रेकॉर्ड योगायोग कसा असेल? योगायोग नाहीच. फेड महागाईशी झगडताना दर चढवते, चढे दर कर्ज महाग करतात, महाग कर्ज मागणी मारते. वक्र हा त्या झगड्याचा ठसा आहे आणि झगडा बहुतेक वेळा मंदीत संपला. पण आठ हा आकडा लहान आहे, आणि त्यातली शेवटची, 2020ची मंदी एका विषाणूने आणली. 2019च्या उन्हाळ्यात उलटलेल्या वक्राला तिचा अंदाज होता असे म्हणणे म्हणजे श्रेय लुबाडणे होय. शिवाय 1966 मध्ये वक्र उलटला, कर्जे आटली, वाढ मंदावली, पण मंदी आली नाही. पुढची मंदी 1969च्या अखेरीस आली. न्यूयॉर्क फेडच्या प्रतिमानाने 2023 मध्ये वर्षभरानंतरच्या मंदीची शक्यता सुमारे 70 टक्क्यांपर्यंत नेली होती. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘मंदी येणार’ असे भाषांतर केले. 70 टक्के शक्यता म्हणजे दहापैकी तीन वेळा ती घटना घडत नाही. ती न घडल्याने प्रतिमान खोटे ठरत नाही, तसेच आधीच्या आठ वेळा घडल्याने ते अचूकही ठरले नव्हते.

दुसरा गैरसमज वेळेबद्दलचा आहे आणि खिशाला सर्वात जास्त तोच झोंबतो. वक्र उलटला, आता शेअर विकून मोकळे व्हा, असा सल्ला त्यातून निघतो. 2006च्या उन्हाळ्यात दहा वर्षे वजा तीन महिने हा फरक उणे झाला. मंदी डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाली. मधल्या काळात, ऑक्टोबर 2007 पर्यंत, एस अँड पी 500 निर्देशांक वीस टक्क्यांच्या आसपास चढला. तिथे निदान संकेत खरा ठरला आणि फक्त वेळ चुकली. 2022 मध्ये परिस्थिती आणखी विचित्र होती. हाच फरक ऑक्टोबरच्या अखेरीस उणे झाला, आणि शेअर बाजाराने तळ गाठला होता त्याच महिन्याच्या 12 तारखेला. वक्राकडे पाहून त्या आठवड्यात बाहेर पडलेल्या माणसाने नेमका तळाजवळ माल विकला. यात वक्राचा दोष नाही. सरकारी रोख्यांचा बाजार पुढच्या दरांची सरासरी मांडतो. ते दर कोणत्या महिन्यात उतरू लागतील हे दहा वर्षांच्या एका आकड्यात मावत नाही. शेअर बाजार दुसऱ्याच गोष्टीचा, कंपन्यांच्या पुढच्या नफ्याचा, भाव लावत असतो.

2024 मध्ये या चर्चेला नवे वळण मिळाले. वक्र उलटण्यात धोका नसतो, तो पुन्हा सुलटा होतो तेव्हा खरी घंटा वाजते, असे आता सांगितले जाऊ लागले. यात तथ्य आहे. 1990, 2001 आणि 2007च्या मंद्या सुरू झाल्या तेव्हा दोन व दहा वर्षांमधला वक्र सुलटा झालेला होता. पण सुलटे होण्याचेही दोन मार्ग आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 2007 मध्ये गृहकर्जांची घाण बाहेर येऊ लागली. फेडने सप्टेंबरमध्ये 5.25 टक्क्यांचा दर उतरवायला सुरुवात केली आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तो 2 टक्क्यांवर आणला. छोटे टोक धाडकन खाली आले आणि वक्र तीव्र चढाचा झाला. मध्यवर्ती बँक घाईघाईने दर कापते आहे, म्हणजे तिला काहीतरी मोडताना दिसते आहे. 2024 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळात फेडनेही दर एकूण एक टक्क्याने उतरवला. परंतु त्याच काळात दहा वर्षांचे यील्ड खाली आले नाही. सप्टेंबरच्या मध्यावर ते 3.65 टक्क्यांच्या आसपास होते आणि जानेवारी 2025च्या मध्यावर 4.8 टक्क्यांच्या जवळ गेले. धोरण दर एक टक्का खाली, लांब मुदतीचे यील्ड एक टक्क्याहून जास्त वर. इथे वक्राचा चढ वाढला तो बऱ्याच अंशी उजवे टोक चढल्याने. वाढ अपेक्षेपेक्षा टिकाऊ निघाली, महागाई दोन टक्क्यांवर जाऊन स्थिरावेल याची खात्री कमी झाली, सरकारची तूट मोठी राहणार हे दिसू लागले, आणि मुदतीचा मोबदला पुन्हा मागितला जाऊ लागला. दोन्ही वेळा आलेखावरची रेषा शून्य ओलांडून वर गेली. फक्त फरकाचा आलेख पाहणाऱ्याला 2007 आणि 2024 एकसारखेच दिसतील. दोन्ही टोके वेगवेगळी मांडून पाहिली की गोंधळ मिटतो, आणि त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

उलटा वक्र स्वतःच मंदी घडवतो, हा युक्तिवादही तपासायला हवा. बँका अल्पमुदतीच्या ठेवी घेऊन दीर्घ मुदतीची कर्जे देतात. छोटे दर मोठ्या दरांच्या वर गेले की त्यांचा नफा आटतो आणि त्या कर्ज देणे थांबवतात, असे त्यात म्हटले जाते. सिलिकॉन व्हॅली बँक मार्च 2023 मध्ये बुडाली तेव्हा हे खरे होताना दिसले. पण ती बँक बुडाली तिची कारणे अधिक नेमकी होती. स्वस्त दरांच्या काळात घेतलेले लांब मुदतीचे रोखे दर चढल्यावर तोट्यात गेले होते, आणि तिच्या ठेवींचा फार मोठा भाग विम्याच्या मर्यादेबाहेरचा असल्याने ठेवीदार एका दिवसात पळाले. बाकी बहुतेक बँकांना बाजाराइतका दर देऊन ठेवी मिळवाव्या लागत नाहीत. चालू आणि बचत खात्यांतला पैसा स्वस्तच राहतो. अमेरिकी घरमालकांची बहुतांश कर्जे तीस वर्षांच्या स्थिर दराची असल्याने त्यांचे हप्तेही वाढले नाहीत. त्यामुळे वक्रापासून कर्जवाटपापर्यंत आणि तिथून रोजगारापर्यंत जाणारी साखळी यावेळी ढिली राहिली. ती नेहमीच ढिली राहील असे मात्र मी म्हणणार नाही. घरांवरची कर्जे बदलत्या दराची असलेल्या देशात तिचा ताण फार लवकर जाणवतो.

हा सगळा अनुभव अमेरिकेचा आहे, आणि तो आहे तसा उचलून भारतावर लादण्याची सवय आपल्याकडे आहे. जुलै 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने घसरता रुपया सावरण्यासाठी बँकांना मिळणाऱ्या तातडीच्या निधीचा दर 10.25 टक्क्यांवर नेला, रेपो दर मात्र 7.25 टक्केच ठेवला. 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचे यील्ड 11 टक्क्यांच्या वर गेले आणि दहा वर्षांचा रोखा त्याच्या बराच खाली राहिला. वक्र ठळकपणे उलटा होता. त्यातून बाजार एवढेच सांगत होता की हा उपाय तात्पुरता आहे, आणि सप्टेंबरपासून रिझर्व्ह बँकेने तो मागे घ्यायला सुरुवात केलीही. अर्थव्यवस्था आकसली नाही. 2023 मध्ये भारतीय सरकारी रोख्यांचा वक्र जवळजवळ सपाट होता, एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत सारेच यील्ड सात टक्क्यांच्या आगेमागे, आणि त्या आर्थिक वर्षात वाढ सात टक्क्यांहून जास्त झाली. त्याच काळात बँकेच्या शाखेत लावलेल्या ठेवींच्या दरफलकावर एक उलटा वक्र लोकांनी रोज पाहिला, तो तसा ओळखला नाही एवढेच. स्टेट बँकेची 400 दिवसांची ‘अमृत कलश’ ठेव 7.10 टक्के देत होती आणि पाच ते दहा वर्षांच्या ठेवीवर साडेसहा टक्केच मिळत होते. ठेवींचे दर बँक ठरवते, त्यात तिची तात्कालिक पैशांची गरजही असते, त्यामुळे हा बाजाराचा शुद्ध वक्र नव्हे. तरी दहा वर्षांसाठी सात टक्क्यांचे वचन द्यायला बँक तयार नव्हती, यामागचा हिशेब वरच्या 105 आणि 109.20 च्या हिशेबासारखाच होता. फेब्रुवारी ते जून 2025 या पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला, कारण किरकोळ महागाई उतरत होती, मंदी नव्हती. 400 दिवसांच्या ठेवींची मुदत त्या सुमारास संपली तेव्हा ठेवीदारांना नव्या पावतीवर आधीचा दर मिळाला नाही, आणि ज्यांनी साडेसहा टक्क्यांना कमी समजून पाच वर्षांची ठेव नाकारली होती त्यांना आता तोही दर मिळेना.